रायटिंग सॅम्पल: ४१ पानांची २० कशी करायची? (पुन्हा: पुन्हा: तातडीचं)

प्रेषक: ऋचा

मंडळी, नमस्कार.

पीएचडीच्या अर्जांबद्दल विचारतेय. एसओपी झालाय, शिफारसपत्रं मार्गी लागली आहेत, अडलंय ते रायटिंग सॅम्पलवर. एमएच्या थीसिसचा तिसरा चॅप्टर द्यायचा विचार आहे (१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या रहिवाशांनी घरझडतीविरुद्ध केलेले अर्ज), पण तो ४१ पानांचा आहे. बहुतेक विभागांची मर्यादा २० पानं आहे, एका ठिकाणी १५. सगळीकडे डबल स्पेस.

दुसरा पर्याय म्हणजे मूकपटांच्या प्रेक्षकांवरचा १८ पानांचा सेमिनार पेपर. तो तयार आहे, मार्कही उत्तम मिळाले होते. पण एसओपी सगळा प्लेगवर आहे.

चॅप्टर सोबत जोडलाय. १५ डिसेंबरच्या आत सगळं अपलोड करायचंय.

प्रेषक: श्रीकांत

ऋचा, लिस्टवर जोडपत्रं पाठवायची नाहीत हे दिवाळी अंकाच्या वेळीच ठरलं होतं. अर्ध्या लोकांचे इनबॉक्स भरतात. शिवाय अशा प्रश्नांसाठी शिक्षण उपसमिती आहे, तिथे विचारावं. उत्तरं आलीच तर येऊ द्यात, पण फाइल पुन्हा फिरवू नका.

प्रेषक: दिलीप

ऋचा, घाबरू नकोस. फूटनोट मर्यादेत कधीच धरत नाहीत, फक्त मजकूर मोजतात. तुझ्या चॅप्टरमध्ये पाऊण पान तळटीपांचंच दिसतंय. त्या सगळ्या एंडनोट करून शेवटी टाक, पाच-सहा पानं तिथेच वाचतील. मग डबल स्पेसचं दीडवर आण, अक्षर ११ चं कर, बाजूचे समास थोडे कमी कर. मी कंपनीत असताना टेंडरची कागदपत्रं अशीच बसवायचो. कोण पट्टी घेऊन बसतंय?

प्रेषक: शुभदा

आमच्या चिरंजीवांच्या वेळी मी एकच सांगितलं होतं की स्वतःबद्दल मनापासून लिही, कुठून आलास, का शिकायचंय. त्याने आजोबांवर लिहिलं आणि पहिल्या फेरीत झाला. ऋचा, प्लेग वगैरे जरा निराशाजनक वाटतं गं. स्वतःचं काही लिही ना.

प्रेषक: निखिल

शुभदामावशी, तो वेगळा निबंध, पदवीच्या प्रवेशाचा. इथे संशोधनाचा नमुना मागतात.

ऋचा, मी साहित्यात चौथ्या वर्षाला आहे. माझं मत मूकपटांच्या पेपरला. तो पूर्ण आहे, त्याला स्वतःचा आरंभ-शेवट आहे. कापलेला चॅप्टर वाचणाऱ्याला लगेच कळतो. आमच्याकडे सगळे म्हणायचे की नमुना पूर्ण लेखच हवा, तुकडा कधीच देऊ नये. विषय जुळला नाही तरी चालतं, लिखाण कसं आहे ते बघतात.

प्रेषक: मेधा

ऋचा, जोडपत्र वाचलं (श्रीकांत, आता आलंच होतं म्हणून). इतिहास विभागाच्या प्रवेश समितीवर मी काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

आधी दिलीपकाकांचं. तळटीपांबद्दल सरसकट नियम नाही. काही विभाग 'संदर्भसूची वगळून' असं स्पष्ट लिहितात, काही 'टिपांसह' म्हणतात. काहीच लिहिलेलं नसेल तर सूची बाहेर आणि टिपा आत, असं धरून चाल, किंवा विभागाच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला दोन ओळींची मेल कर. ११ चं अक्षर आणि दीड स्पेस मात्र नकोच. वाचणारा एका बैठकीत अनेक फाइली उघडतो, त्यात दाटलेलं पान मोजल्याशिवायही उठून दिसतं. आणि पहिली शंका येते ती अशी की या मुलीला स्वतःच्या लिखाणातलं काय महत्त्वाचं आहे ते ठरवता येत नाही.

आता चॅप्टर. तुझी ४१ पानं अशी आहेत: प्लेग आणि वसाहती सरकारवरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा ९, साधनांची चर्चा ५, तीन अर्जांचं वाचन १२, वर्तमानपत्रांवरचा भाग १०, समारोप ५. यातली तुझी स्वतःची म्हणावी अशी पानं मधली १२. अर्जदार झडतीलाच विरोध करत नाहीत, ती कोणी करायची, कोणत्या वेळी, घरातल्या कोणत्या खोलीपर्यंत, यावर अटी घालतात, हे तू अर्जातल्या वाक्यरचनेवरून दाखवतेस. हे मी याआधी अशा रीतीने मांडलेलं वाचलं नव्हतं. पण ते सुरू होतं पंधराव्या पानावर. तिथपर्यंत समितीतलं कोणी पोचेल याची खात्री नाही. पहिली दोन-तीन पानं नीट वाचून मग पुढचं चाळणारे बरेच असतात.

म्हणून सगळीकडून थोडं थोडं छाटत बसू नकोस. तसं केलंस तर ४१ पानांची अशक्त २० पानं होतील, सगळे भाग राहतील आणि एकही पटणार नाही. ते १२ जसेच्या तसे ठेव आणि बाकीचं त्यांच्याभोवती नव्याने बसव. दीड पानाची नवी सुरुवात लिही, त्यात तुझा दावा पहिल्या पानावरच येऊ दे. आढाव्याचे ९ दोनावर आण, म्हणजे ज्यांच्याशी तुझा खरा वाद आहे तेवढेच अभ्यासक. साधनांचं एक पान. वर्तमानपत्रांचे १० दोनावर आण, अर्जांतल्या अटी छापून आल्यावर त्यांचं काय झालं एवढंच. समारोप दीड. झाली २०.

निखिल, तुकडा कधीच चालत नाही हे खरं नाही. बरेच विभाग थीसिसमधला भाग स्वीकारतात, फक्त वर छोटी टीप लागते: हा कशातला भाग, मोठ्या कामाचा प्रश्न काय, आणि इथे काय गाळलंय. तत्त्वज्ञानवाले पूर्ण लेखाला जास्त महत्त्व देतात, ते मान्य.

प्रेषक: दिलीप

मेधाताई, मग एंडनोटचा मुद्दा राहतोच. 'टिपा वगळून' असेल तिथे तरी एंडनोट कराव्यात की नाही?

प्रेषक: मेधा

तिथे गरजच काय काका, टिपा मोजल्याच जात नाहीत. तळाशीच राहू देत. इतिहासवाले टीप वाचतात, मूळ कागद कुठल्या दप्तरातला आहे हे त्यांना त्याच पानावर दिसायला हवं असतं. स्क्रीनवर पीडीएफ वाचताना दर टिपेला शेवटच्या पानावर जाऊन परत यायचं म्हणजे डोक्याला ताप.

प्रेषक: श्रीकांत

हे सगळं उपसमितीच्या माहितीपत्रकात आहे. मागच्या वर्षी आम्ही 'अर्जाची तयारी' असं पानच केलं होतं.

प्रेषक: निखिल

श्रीकांतदादा, त्या पानावर फक्त जीआरई आणि व्हिसा आहे.

मेधाताई, मला अजून पटलेलं नाही. चॅप्टर कापायला ऋचाकडे वेळ किती आहे? घाईत जोडलेले सांधे दिसतात. मूकपटांचा पेपर शिक्षकांनी एकदा तपासून सुधारलेला आहे.

प्रेषक: ऋचा

सगळ्यांचे आभार. मूकपटांच्या पेपरची अडचण अशी की त्यात मी मराठी साधनं जवळजवळ वापरलेलीच नाहीत, बहुतेक इंग्रजी लेखांवरच उभा आहे. एसओपीत मात्र मराठी आणि मोडी कागद वाचते असं लिहिलंय.

मेधाताई, काल तुम्ही म्हणालात तसं कापलं. २२ वर अडकलंय. अर्जांतले उतारे मी आधी मूळ मराठीत आणि खाली इंग्रजीत दिलेत, तेच खूप जागा खातात. काढावेत का? आणि १५ पानांच्या जागी काय करू?

प्रेषक: मेधा

मोडी वाचता येते असं लिहिलंस आणि नमुन्यात एकही मोडी कागद नाही, हे वाचणाऱ्याला नक्की खटकेल. माझ्यापुरता निवडीचा प्रश्न तिथेच संपतो. निखिलचं वेळेबद्दलचं म्हणणं खोटं नाही, पण हाती आठवडा असेल तर जमेल.

उतारे: मजकुरात फक्त भाषांतर ठेव. जिथे तुझा मुद्दा मूळ शब्दरचनेवरच उभा आहे, तिथे तेवढं एक वाक्य मूळ मराठीत टिपेत दे. सगळा परिच्छेद दोनदा नको. मी मोजले, लांब उतारे अकरा आहेत. त्यातले निदान पाच असे आहेत की उताऱ्यानंतर तू तेच पुन्हा आपल्या शब्दांत सांगतेस. तिथे उतारा काढ, तुझं वाक्य ठेव, टीप तशीच राहू दे. दोन पानं यातच निघतील.

१५ साठी २० पानांची ओळ-ओळ छाटणी करू नकोस. वर्तमानपत्रांची दोन पानं पूर्ण काढ. आणि तीन अर्जांपैकी एक काढ, प्रत्येक साधारण चार पानांचा आहे. चौदा होतील, एक पान सांधायला राहील. काढायचा तो दुसरा. तुझ्या सुपरवायझरना बहुधा तिसरा काढावासा वाटेल, कारण तो तुझ्या दाव्यात बसत नाही, त्यात अर्जदार झडतीच नको म्हणतो. पण तोच ठेव. दुसरा अर्ज पहिल्याचीच पुनरावृत्ती करतो, तिसऱ्यात तू अडचणीच्या पुराव्याशी कशी वागतेस ते दिसतं.

कापून झाल्यावर तीन गोष्टी शोध. 'पहिल्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' छापाची वाक्यं, ती एकूण एक काढायची. मग संक्षिप्त टिपा: संदर्भाचा पूर्ण उल्लेख गाळलेल्या आढाव्यात राहतो आणि पुढे नुसतं आडनाव आणि पान उरतं. झोटेरोने टिपा घातल्या असतील आणि जोडणी तोडली नसेल तर तो आपोआप दुरुस्त करतो. हाताने लिहिल्या असतील तर एकेक बघ. तिसरं, समारोपातले दावे. 'तिन्ही अर्जांवरून आणि वर्तमानपत्रांवरून स्पष्ट होतं' हे १५ पानांच्या प्रतीत आता खोटं ठरेल. शक्य असेल तर चॅप्टर न वाचलेल्या कोणाला तरी हे वाचायला दे. तुला सगळं पाठ आहे, त्यामुळे गाळलेलंही तुला दिसत राहील.

प्रेषक: शुभदा

मी वाचते गं ऋचा. मला प्लेगमधलं काहीच माहीत नाही.

प्रेषक: निखिल

तिसरा अर्ज ठेवण्याबद्दल सहमत. पण १५ पानांत अपवाद ठेवला तर मूळ दाव्याला पुरावा एकाच अर्जाचा उरतो. एकास एक. ते चालेल?

प्रेषक: मेधा

निखिल, हा प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्या अर्जाचा एक परिच्छेद पहिल्याच्या शेवटी ठेवता येईल, उताऱ्याशिवाय. राखून ठेवलेलं ते एक पान त्यातच जाईल आणि सांधे आणखी आवळावे लागतील. तरी तोल डळमळीतच राहतो, ते मान्य.

प्रेषक: ऋचा

करून बघते. शुभदामावशी, फाइल तुम्हाला वेगळी पाठवते, लिस्टवर नाही. मेधाताई, वरची टीप २० पानांत धरायची का?

प्रेषक: मेधा

धर. १५० शब्दांच्या आत ठेव, पहिल्याच पानावर शीर्षकाखाली, सिंगल स्पेसमध्ये. वेगळं मुखपृष्ठ नको, काही पोर्टल पहिलं पानही मोजतात.