मदत हवी आहे: चौथीच्या पाढ्यांचा तक्ता, नऊच्या पाढ्यात अंक उलटे पडतात

सत्तरीची_बाई

नमस्कार. सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळा दोन शिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. चौथीसाठी पाढ्यांचा एक मोठा तक्ता करायला घेतला आहे. त्यात तीन गोष्टी हव्यात: टप्प्याटप्प्याने मोजणे, दुप्पट (बेच्या पाढ्यावरून चारचा, चारवरून आठचा) आणि नऊची युक्ती.

अडलंय ते नऊपाशी. मुलं नऊचा पाढा लिहिताना दशकाच्या घरात वरून खाली ०, १, २ असं ९ पर्यंत लिहितात, एककाच्या घरात खालून वर तसंच, आणि एका मिनिटात अचूक पाढा तयार होतो. पण मध्येच "नऊ सक किती?" विचारलं की ४५ येतं. "नऊ चोक" विचारलं की काही जण ६३ सांगतात. एक मुलगी तर पाढा तोंडाने अगदी बरोबर म्हणते, "नऊ सक चोपन्न", आणि त्याच क्षणी वहीत ४५ लिहिते. बोटांची युक्तीही शिकवली, तरी तेच.

तक्त्याची मांडणी कशी केली तर ही उलटापालट थांबेल? आणि तिन्ही नमुने एकाच कागदावर घ्यावेत की वेगवेगळ्या?

म्हापशाचा_पालक

बाई, तयार तक्ते मिळतात की. म्हापशाच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात एक ते वीस पाढ्यांचा प्लास्टिकचा रंगीत तक्ता मी घेतला होता. आमच्या मुलाच्या खोलीत लावलाय. इंग्रजी माध्यमात आहे तो, "नाइन सिक्सेस आर" करत बसतो. घरी आजी त्याला मराठीत पाढे विचारते तेव्हा मात्र गोंधळतो. पावसात कागदी तक्ता फुगतो, कडांना बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकचाच घ्या.

सत्तरीची_बाई

पावसाचं खरं आहे, वरून पारदर्शक प्लास्टिक लावीन. पण तयार तक्त्यात फक्त उत्तरं असतात, एका ओळीचं दुसऱ्या ओळीशी नातं दिसत नाही. मला ते नातं दाखवायचं आहे.

आकडेमोड

सोपं आहे. मुलांना पडताळा शिकवा. नऊच्या पाढ्यातल्या कुठल्याही उत्तराच्या अंकांची बेरीज नऊ येते. ५ आणि ४ नऊ, ६ आणि ३ नऊ. बेरीज नऊ आली की उत्तर बरोबर, नाही आली की चूक. तक्त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत हेच लिहा. बारापर्यंत चालतं.

पेडण्याचे_निवृत्त_गुरुजी

आकडेमोड यांचा पडताळा अर्धाच उपयोगी आहे, आणि बाईंना नेमकी जी चूक सतावते आहे तिथेच तो फसतो. ४५ मध्येही ४ आणि ५ नऊच होतात. नऊच्या पाढ्यात १८ आणि ८१, २७ आणि ७२, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४ अशा जोड्या आहेत. अंक उलटे लिहिले तरी संख्या नऊच्याच पाढ्यात राहते. म्हणजे मुलाने चोपन्नऐवजी पंचेचाळीस लिहिले, पडताळा केला, बेरीज नऊ आली आणि तो निर्धास्त झाला. मुलाने ५३ किंवा ५६ लिहिले असते तर मात्र हाच पडताळा कामी आला असता. आणि बारापर्यंतचे म्हणाल, तर नऊ गुणिले अकरा म्हणजे ९९, त्याची बेरीज अठरा येते. दहापुढे युक्ती बदलते हे चौथीच्या मुलांपासून लपवू नये.

बाई, तुमच्याकडे दोन वेगळी कारणे एकत्र झाली असावीत असे वाटते.

पहिले बोटांचे. नऊ गुणिले सातसाठी डावीकडून सातवे बोट मिटायचे, मिटलेल्या बोटाच्या डावीकडे सहा, उजवीकडे तीन, म्हणून ६३. पण तुम्ही वर्गाकडे तोंड करून दाखवता तेव्हा तुमचा डावा हात मुलांच्या उजवीकडे असतो. समोर दिसते तसे वाचणाऱ्या मुलाला ३६ दिसते. मुलांकडे पाठ करून हात डोक्यावर धरून दाखवा. शिवाय प्रत्येक मुलाच्या डाव्या मनगटावर शाईचा ठिपका द्या, "ठिपक्याकडून मोजायचे" म्हणून. बोटाची नखे आपल्याकडे की तळवा आपल्याकडे, हेही ठरवून टाका. तळवा आपल्याकडे वळवला की करंगळ्या मध्ये येतात, अंगठे बाहेर, आणि मोजणी कुठून सुरू करायची हे मूल विसरते.

दुसरे कारण बोलण्याचे. चोपन्नमध्ये आधी चार कानावर पडतो, मग पन्नास. तुमची मुलगी ऐकलेल्या क्रमाने लिहिते: आधी ४, मग ५. पाढा तिला पक्का येतो, लेखन अडते. तिला पाढे आणखी घोकायला लावून हे सुटणार नाही.

सत्तरीची_बाई

गुरुजी, हात दाखवण्याचं तर लक्षातच घेतलं नव्हतं. मुलगी दुसऱ्या पाढ्यांतही असं लिहिते का ते पाहिलं पाहिजे. पण मग पडताळा कशाचा द्यायचा?

पेडण्याचे_निवृत्त_गुरुजी

दहाच्या पाढ्याचा. तक्त्यावर नऊचा रकाना एकटा ठेवू नका, त्याच्या डावीकडे दहाचा रकाना ठेवा. वर्गात आधी वस्तूंनी करून घ्या. चिंचोके घ्या. दहा-दहाचे सहा ढीग करा, साठ झाले. आता प्रत्येक ढिगातून एक चिंचोका उचला. ढीग सहा, म्हणून सहा उचलले गेले. साठातून सहा गेले, चोपन्न उरले. आणि आता प्रत्येक ढिगात नऊ आहेत. तक्त्यावर त्याच ओळीत लिहा: ६० − ६ = ५४.

यात युक्तीचे कारणही दिसते. साठातून सहा काढताना साठाच्या खालीच यावे लागते आणि पन्नासाच्या वरच थांबावे लागते, म्हणून दशक नेहमी एकाने कमी: सहासाठी पाच, चारसाठी तीन. आता मूल ४५ घेऊन आले तर त्याला बेरीज करायला सांगू नका. विचारा, "सहा दाही किती? साठ. मग सहाच कमी केलेस ना? एवढा खाली कसा गेलास?" उलटे अंक या प्रश्नात सापडतात. ६३ घेऊन येणाऱ्यालाही हेच: चार दाही चाळीस, नऊ चोक त्याहून जास्त कसे?

डिचोलीची_आई

चिंचोक्यांऐवजी काजूच्या बिया घेतल्या तर? आमच्याकडे उन्हाळ्यात ढीग असतो.

पेडण्याचे_निवृत्त_गुरुजी

नको. सालीतला डीक हाताला लागला तर कातडी भाजते, आणि मुले बी फोडल्याशिवाय राहत नाहीत. चिंचोके, खडे, बाटलीची झाकणे, काहीही चालेल.

रेषा_आणि_रंग

मी मुलांसाठी शैक्षणिक साहित्य करते, म्हणून मांडणीपुरतं लिहिते. बाई, तुम्ही टप्प्यांसाठी १ ते १०० ची जाळी घेतली असेल तर ती ० ते ९९ अशी करून पाहा. १ ते १०० मध्ये नऊचे टप्पे रंगवले की ९ पासून ८१ पर्यंत तिरकी रेघ सुंदर उतरते, पण ९० त्याच ओळीत पार दुसऱ्या टोकाला जातो आणि नमुना तुटतो. ० ते ९९ मध्ये ९ वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो आणि ९० खालच्या डाव्या कोपऱ्यात, मध्ये एकही खंड नाही. शिवाय प्रत्येक ओळीचा पहिला अंक एकच असतो: पन्नासच्या ओळीत सगळे ५ ने सुरू. खाली एक घर उतरलं की दशक एकाने वाढतं, डावीकडे एक घर सरकलं की एकक एकाने कमी होतं. नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं, हे बोट फिरवून दिसतं.

पाच सेंटिमीटरची घरं घेतली तर जाळी पन्नास सेंटिमीटरची होते, नेहमीच्या चार्ट पेपरवर बसते आणि मागच्या बाकावरून वाचता येते.

सगळे पाढे एकाच जाळीवर मात्र रंगवू नका. ३६ हे घर दोन, तीन, चार, सहा आणि नऊ या सगळ्यांच्या टप्प्यांत येतं, त्यावर पाच रंग चढले की काहीच दिसत नाही. जाळी एक ठेवा आणि प्रत्येक पाढ्याचे ठिपके वेगळ्या पारदर्शक शीटवर. हवी ती शीट वर ठेवायची.

आकडेमोड

मग दुप्पट दाखवायलाही तेच वापरा. दोनची शीट, त्यावर चारची.

रेषा_आणि_रंग

त्यातून दिसेल की चारचे टप्पे म्हणजे दोनच्या टप्प्यांतला एक सोडून एक. दुप्पट तशी दिसत नाही. दोन गुणिले सात १४, चार गुणिले सात २८: ही दोन घरं जाळीवर एकमेकांपासून लांब आहेत. दुप्पटीसाठी गुणाकाराचा वेगळा तक्ता हवा, त्यात २, ४ आणि ८ च्या ओळी एकाच रंगात, एकाखाली एक लावून. साताच्या रकान्यात वरून खाली १४, २८, ५६. बाण काढून "दुप्पट" लिहायचं. ३ आणि ६ दुसऱ्या रंगात, ५ आणि १० तिसऱ्या.

पेडण्याचे_निवृत्त_गुरुजी

उत्तम. दुप्पटीत एक सांभाळा. २८ ची दुप्पट करताना पुष्कळ मुले दोनाचे चार आणि आठाचे सोळा करून ४१६ लिहितात. बाणाशेजारी निदान एकदा २० आणि ८ वेगळे करून दाखवा: ४० आणि १६, मिळून ५६. दुसरी चूक म्हणजे आठसाठी किती वेळा दुप्पट करायची हे विसरणे. सातच्या पुढे तीन उड्या, १४, २८, ५६, आणि थांबायचे. दुसऱ्या उडीलाच थांबणाऱ्याचे उत्तर २८ येते. ते चारच्या ओळीत दाखवले की त्याला स्वतःलाच कळते.

हे सगळे झाल्यावर खरोखर नवे पाठ करायचे म्हणाल तर ७ × ७ एवढेच राहते. तेही पाच साते ३५ आणि दोन साते १४ मिळवून निघते.

डिचोलीची_आई

पण मग पाढे घोकायचे नाहीत का? आमच्या वेळी पावकी, निमकी, दीडकीसुद्धा पाठ होती. परीक्षेत मूल साठातून सहा कधी वजा करणार?

पेडण्याचे_निवृत्त_गुरुजी

घोकायचे, ताई. पाढे तोंडपाठ हवेतच, मी त्यात कधी ढिलाई केली नाही. फक्त क्रमाने म्हणणाऱ्या मुलाला मध्येच "नऊ साती" विचारले की ते नऊ एकेपासून सुरू करते. म्हणून रोज म्हणून झाल्यावर चार-पाच उलटसुलट विचारायचे, आणि अडले तर दहाच्या रकान्याकडे बोट दाखवायचे.

रेषा_आणि_रंग

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. समजून घेण्याच्या आठवड्यात पाठांतर बाजूला ठेवलं तर बरं, नाहीतर मुलं तक्त्याकडे बघतच नाहीत, सवयीनं म्हणून मोकळी होतात.

सत्तरीची_बाई

सगळ्यांचे आभार. ठरवलं आहे: ० ते ९९ ची जाळी आणि शीट, दुप्पटीचा वेगळा कागद, आणि दहा-नऊ शेजारी असलेली एक उभी पट्टी. पट्टीवर उत्तराची जागा मी सुरुवातीला रिकामी ठेवणार आहे, "६० − ६" एवढंच.

आज त्या मुलीला दुसरे पाढे लिहायला दिले. सात सक बेचाळीस म्हणाली आणि २४ लिहिलं. आठ साती छप्पन्न म्हणाली आणि ६५. म्हणजे गुरुजी म्हणतात तसं लेखनाचंच. तिला दशकाचं घर आधी रंगवून दिलं तर फरक पडेल का? की ऐकताना आधी एककाचं घर भरू द्यावं, मग डावीकडे दशक लिहू द्यावं? कुणी हे दुसरं करून पाहिलं असेल तर जरूर सांगा. मला भीती वाटते की पुढे मोठ्या संख्या लिहिताना तीच सवय आड येईल.