शब्दचर्चा: धातूची ‘प्लाझ्मा वारंवारता’ म्हणजे काय?

कानामात्रा: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात म्हटलंय की प्रकाशाची वारंवारता धातूच्या ‘प्लाझ्मा वारंवारते’पेक्षा कमी असेल तर तो परततो आणि जास्त असेल तर धातूतून पार होतो. प्लाझ्मा म्हणजे तापलेला, आयन झालेला वायू एवढं मला ठाऊक आहे. मग थंडगार धातूत तो कुठून आला? आणि ‘आयनद्रायू वारंवारता’ लिहिलं तर चालेल का?

जुना_रेडिओ: आम्हा शॉर्टवेव्हवाल्यांना हे चांगलंच परिचयाचं आहे. आयनांबरात दर घनमीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असले, तर सरळ वर सोडलेल्या ९ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी खाली परततात. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र अवकाशात निघून जातात. पण धातूचं काय ते मला विचारू नका.

चतकोर: सोपं आहे की! अतिनील किरणांत ऊर्जा जास्त, म्हणून ते धातू भेदून जातात. दृश्य प्रकाशात तेवढा दम नाही.

परावर्तक: सीमा वरच्या बाजूला असते हे चतकोर यांचं बरोबर, पण ‘भेदून’ नको. १५० नॅनोमीटरचा प्रकाश घ्या. सोडियमचा पातळ थर त्याला वाट देतो, तर ताजं अ‍ॅल्युमिनियम तोच प्रकाश बव्हंशी परत पाठवतं. किरण तेच, दमही तोच. फरक आहे तो धातूत मोकळे इलेक्ट्रॉन किती दाटीने आहेत याचा.

लहरीचं विद्युतक्षेत्र या इलेक्ट्रॉनांना पुढे-मागे हलवतं. वारंवारता कमी असते तेव्हा ते भरपूर हलतात आणि त्यांच्या हलण्याने उलट क्षेत्र तयार होतं. आतली लहर त्याने मारली जाते, काही दशक नॅनोमीटरांतच विझते आणि ऊर्जा परत फिरते. वारंवारता वाढवत नेली की इलेक्ट्रॉनांचं जडत्व आडवं येतं. वारंवारता दुप्पट केली तर त्यांचं हलणं चौथाईवर येतं. एका टप्प्यापुढे त्यांचा प्रतिसाद लहर मारायला पुरत नाही आणि ती पुढे जाते. तो टप्पा म्हणजे प्लाझ्मा वारंवारता. जुना_रेडिओ यांच्या आयनांबरातही हेच घडतं, फक्त इलेक्ट्रॉन फार विरळ असतात.

नावाबद्दल सांगायचं तर, ‘प्लाझ्मा’ हा शब्द लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये विद्युत्‌ विसर्गातल्या वायूसाठी वापरला. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन आणि स्थिर धन आयन हीसुद्धा तशीच जोडी आहे. तापमानाशी संबंध नाही.

कानामात्रा: मग ‘धातू अतिनीलमध्ये पारदर्शक होतात’ हे लेखातलं वाक्य सरसकट खरं आहे का?

परावर्तक: नाही. ते शोभतं अल्कली धातूंना. रॉबर्ट वुड यांनी १९३३ मध्ये त्यांच्या पातळ थरांतून अतिनील किरण जाताना पाहिले आणि त्याच वर्षी झेनर यांनी कारण सांगितलं. प्लाझ्मा वारंवारता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. सोडियममध्ये इलेक्ट्रॉन पोटॅशियमच्या १.९ पट दाट, वर्गमूळ साधारण १.४. वारंवारता जितकी जास्त तितकी तरंगलांबी कमी. तरंगलांबीत सोडियमची सीमा हिशेबाने २०५ नॅनोमीटर, म्हणून पोटॅशियमची त्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २८० च्या आसपास यायला हवी. प्रयोगात सोडियमची २१० आली, पोटॅशियमची ३१५.

चतकोर: २८० आणि ३१५ मध्ये बराच फरक आहे. सूत्र चुकलं का?

परावर्तक: सूत्र फक्त मोकळे इलेक्ट्रॉन मोजतं. अणूच्या गाभ्यातले बांधलेले इलेक्ट्रॉनही थोडे सरकतात, आणि त्यामुळे सीमा लांब तरंगलांबीकडे ढकलली जाते. पोटॅशियमचा गाभा जास्त सहज विकृत होतो.

आरसेवाला: मी घरीच दुर्बिणीचे आरसे करतो. चांदी दृश्य प्रकाशात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा चांगली परावर्तक, पण अतिनीलसाठी घेऊ नका म्हणतात. हीच का ती प्लाझ्मा वारंवारता?

परावर्तक: अंशतः. नुसते मोकळे इलेक्ट्रॉन मोजले तर चांदीची सीमा १३८ नॅनोमीटरला येते, पण परावर्तन ३२० च्या आसपासच कोसळतं. तिथे चांदीचे आतले इलेक्ट्रॉन हिशेबात शिरतात. शिवाय त्याहून लहान तरंगलांबीला चांदी प्रकाश बराचसा शोषून घेते, म्हणजे ती पारदर्शकही नाही. अ‍ॅल्युमिनियमची सीमा ८३ नॅनोमीटर, म्हणून तुमच्या कामाला तेच बरं. सोन्याचा पिवळेपणा तर प्लाझ्मा सीमेमुळे नव्हेच, त्यालाही आतले इलेक्ट्रॉनच कारण.

कानामात्रा: मग मी ‘प्लाझ्मा वारंवारता’च ठेवते. ‘आयनद्रायू’ वाचून पुन्हा कोणीतरी वायूच शोधत बसेल.

जुना_रेडिओ: तेच ठेवा. पण ‘पारदर्शक’ मला खटकतो. थर नखभर जाड असला तर पलीकडचं दिसेल का?

परावर्तक: नखभर नाही. सीमेच्या वरही थोडं शोषण राहतंच, वुड यांचे थर फार पातळ होते. ‘पारगामी’ कसा वाटतो?

चतकोर: पारगामी म्हणजे तर जाणारा किरण ना? धातू कसा पारगामी होईल?