उत्तर: शेवटच्या षटकापासून उलटं या

> क्रिकेट सामन्याच्या हायलाइट्समध्ये सगळे चौकार-षटकार ठेवले तर पंचवीस मिनिटं होतात, दहात कसं बसवू?

चौकार-षटकार मोजत बसलात तर बसणारच नाही. आमच्या गावच्या टेनिस बॉल फायनलचं दोन तासांचं लाइव्ह होतं. त्यात मी एकच गोष्ट धरली : पहिल्या षटकात बावीस धावा खाल्लेला पोरगा शेवटच्या षटकात नऊ वाचवतो. मग शेवटून उलटं येत प्रत्येक तुकड्याला विचारलं, हा काढला तर शेवट कळतो का? दुसऱ्या टोकाचे तीन देखणे षटकार गेले (मारणारा अजून बोलत नाही). उलट सीमारेषेवर तो गोलंदाज पोरगा एकटाच चेंडू पुसत उभा असलेली सात सेकंदं ठेवली. त्याच्या मनातली धाकधूक तिथेच दिसते. शेवटचं षटक मात्र जवळजवळ अख्खं, चार मिनिटं, दोन चेंडूंमधल्या शांततेसकट.

खरी गोची आवाजाची. चित्र कुठेही कापता येतं, पण समालोचकाचं वाक्य अर्ध्यात तुटलं की कात्री लगेच कळते. म्हणून मी वाक्य संपतं तिथे कापतो आणि प्रेक्षकांच्या गलक्याचा एक सलग तुकडा सगळ्या जोडांखालून हळू आवाजात सोडतो. पडद्यावरचा धावफलकही ३१ वरून एकदम ५८ वर उडी मारतो, तेव्हा मधे दोन सेकंदांची पाटी : ‘सहावं षटक, ५८ वर ३’. शेवटी सामना न पाहिलेल्या माणसाला दाखवा. त्याने ‘हा कोण?’ विचारलं, तर सुरुवात कमी पडलीय.