शपथपत्रात ‘वादी’चं ‘मी’ करताना काळ आणि पुरुष कसा जुळवायचा?

हरिपूरची_टायपिस्ट: सांगलीत एका वकिलांकडे मराठी ड्राफ्ट तपासायचं काम करते. तासगाव तालुक्यातल्या एका बाईंचा विहिरीच्या पाण्याचा दावा आहे, जावेविरुद्ध. निशाणी ५ च्या मनाई अर्जासोबत शपथपत्र जोडायचंय. ज्युनिअरनी दाव्यातलाच मजकूर उचलून टाकलाय, त्यामुळे सुरुवात ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’ आणि कलम ३ पासून ‘वादीने असे केले’, कलम ६ मध्ये तर ‘आम्ही’. काळही कुठे ‘तोडली’, कुठे ‘तोडली आहे’, कुठे ‘तोडत आहे’. सगळं एकसारखं करायचं तर कुठला काळ धरायचा?

मिरजेचा_मन्या: सोप्पंय की. फाइंड रिप्लेस मारा, वादीच्या जागी मी, आणि सगळं भूतकाळात घ्या. घडून गेलेलंच सांगतोय ना आपण.

जुना_अर्जलेखक: मन्या, ‘मी’ बद्दल तुझं बरोबर आहे, शपथ घेणारा माणूस स्वतःबद्दल ‘वादी’ म्हणत बसला तर ऐकणाऱ्याला दुसराच कोणी वाटतो. पण रिप्लेस मारू नको बाबा. ‘वादीने’चं ‘मीने’ होईल, ‘वादीस’चं ‘मीस’. ते तरी डोळ्याला दिसतं, खरा घोळ सर्वनामात असतो. ताई, तुमच्या ड्राफ्टात ‘तिच्या’ कुठे आलंय का बघा.

हरिपूरची_टायपिस्ट: आहे. कलम ४, ‘वादीने तिच्या विहिरीवरून पाईपलाईन टाकली व प्रतिवादीने ती तोडली आहे.’

जुना_अर्जलेखक: हेच. आता वादीचं मी केलंत की ‘मी तिच्या विहिरीवरून पाईपलाईन टाकली’, म्हणजे विहीर जावेची झाली! बाई स्वतःच्या शपथेवर विहीर देऊन बसल्या आणि व्याकरणात कुठेच चूक नाही, म्हणून ती सापडतही नाही. तिथे ‘मी माझ्या विहिरीवरून’ पाहिजे. प्रत्येक ‘तो, ती, त्याचा, तिचा, सदर इसम’ वर बोट ठेवून विचारायचं, हा कोण. दोघी बायका असल्या किंवा दोघे भाऊ असले की हे हमखास होतं.

आता काळाचं. एकसारखा म्हणजे एकच काळ नव्हे. पाईप तोडली ही एका दिवसाची गोष्ट, तारीख टाका आणि ‘तोडली’ लिहा, सगळीकडे तसंच. पण विहिरीची वहिवाट आजही चालू असेल तर ‘वहिवाट आहे’ किंवा ‘मी वहिवाटत आले आहे’ असंच राहिलं पाहिजे. मन्याचं ऐकून ‘वहिवाट होती’ केलंत तर समोरचा वकील तेच वाक्य वाचून दाखवेल, की बाईच म्हणतायत होती, मग मनाई कशाला? दावा दाखल करताना कब्जा होता का, हाच तर निशाणी ५ ला मोठा मुद्दा असतो.

मिरजेचा_मन्या: हे माझ्या डोक्यातच नव्हतं, पटलं. आणि ‘आम्ही’?

जुना_अर्जलेखक: बाई एकट्याच शपथेवर आहेत, तर ‘मी’. नवऱ्यासोबत मिळून पाणी घेत असतील तर ‘मी व माझे पती’ असं उघड लिहा. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण हे बाईंना विचारल्याशिवाय तुम्ही ठरवू नका.

आष्टेकर_वहिनी: माझ्या रेशनकार्डावर माहेरचं नाव आहे, त्याचं शपथपत्र सेतूत करायचंय, त्यातपण हे मी वगैरे लागतं का?

हरिपूरची_टायपिस्ट: वहिनी, तिथे छापील नमुना मिळेल, फक्त ‘करतो’ छापलेलं असलं तर ‘करते’ करून घ्या. दादा, सत्यापनात ‘कलम १ ते ९ मधील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे’ असंय. मी ६ आणि ७ एकत्र केलं, आता ८ च कलमं आहेत.

जुना_अर्जलेखक: नंबर बदललात की सत्यापन आणि आतले ‘वर कलम ५ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असले उल्लेख दोन्ही शेवटी परत मोजायचे. शिवाय सगळं एका दावणीला बांधू नका. बाईंनी डोळ्यांनी पाहिलेली कलमं वेगळी, ऐकलेली वेगळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९ नियम ३ मध्ये स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीच शपथेवर सांगायच्या असं आहे, अंतरिम अर्जात ‘माझा विश्वास आहे’ चालतं, पण त्याचं कारण द्यावं लागतं. १९५२ साली मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की माहिती दुसऱ्याकडून आली तर कोणाकडून ते दाखवा. तुमच्यात तसं काही आहे?

हरिपूरची_टायपिस्ट: आताचं कलम ७, जावेने रात्री मोटार बंद केली, हे बाईंच्या मुलाने पाहिलं. बाई त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात होत्या.

जुना_अर्जलेखक: मग ‘प्रतिवादीने मोटार बंद केली’ असं सरळ लिहू नका. ‘प्रतिवादीने मोटार बंद केली असे मला माझ्या मुलाने सांगितले व ते मी खरे मानते.’ आणि सत्यापन असं, ‘वर कलम १ ते ६ व ८ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे, कलम ७ मधील मजकूर माझ्या मुलाकडून मिळालेल्या माहितीवरून असून तो मी खरा मानते. मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला, आज दि. … रोजी सांगली येथे सही केली.’ इथे ‘आहे’ आणि ‘केली’ शेजारी शेजारी आलेत म्हणून जुळवायला जाऊ नका, दोन्ही बरोबर आहेत.

मिरजेचा_मन्या: त्यापेक्षा मुलाचंच वेगळं शपथपत्र द्यावं ना? पाहिलं त्यानं.

जुना_अर्जलेखक: दिलं तर जास्त बळकट. पण आमच्या वेळी काही वकील म्हणायचे आधी मनाई मिळवू, मुलाला पुराव्याच्या वेळी आणू. ते त्यांच्या साहेबांनाच ठरवू द्या.

हरिपूरची_टायपिस्ट: कलम ४ आणि ७ मी लाल खूण करून ठेवलीत. बाई सोमवारी येतायत, वहिवाट आणि ‘आम्ही’ दोन्ही त्यांच्या तोंडून विचारूनच प्रिंट काढते.