मदत हवी आहे: उत्तर बरोबर, पण पट्ट्या चुकलेल्या. गुण कसे द्यावेत?

चौथीच्या एका मुलाची वही तपासते आहे. सारख्या चौकोनांच्या पट्ट्या काढून सोडवायचं गणित असं: रियाकडे समीरच्या तिप्पट मणी आहेत, दोघांचे मिळून 48. प्रत्येकाकडे किती?

त्याने समीरच्या पट्टीत एक चौकोन काढलाय आणि रियाच्या पट्टीत चक्क चार. खाली मात्र 48 ÷ 4 = 12, म्हणून समीर 12, रिया 36. उत्तर अचूक! चित्राप्रमाणे गेला असता तर चौकोन पाच झाले असते, आणि 48 ला 5 ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे आकडेमोड चित्रावरून आलेली नाही.

चौकोन लहानमोठे असते तर मी गुण कापले नसते, ते कच्चं चित्र असतं. इथे चौकोनांची संख्याच चुकली आहे. पण मला दोन शक्यता दिसतात. एक, ‘तिप्पट’ म्हणजे ‘तिपटीने जास्त’ असं समजून त्याने एकावर तीन चढवले. दुसरी, चार चौकोनांची पट्टी त्याने दोघांची मिळून काढली आणि नाव तेवढं चुकीचं लिहिलं. पहिली समजुतीची चूक, दुसरी फक्त नावाची.

आकृतीला 2, रीतीला 1, उत्तराला 1 असे गुण आहेत. आकृतीचे किती द्याल? आणि ‘48 तुझ्या चित्रात कुठे आहे ते दाखव’ एवढं विचारून नेमकी चूक कळेल का?