गोटीच्या खेळात ‘कॅलिब्रेशन’ला काय म्हणावं?

मधुरा: मोबाइल कलवून गोटी चक्रव्यूहातून न्यायची, असा खेळ करतेय. एका बटणावर ‘कॅलिब्रेशन’साठी मराठी शब्द हवाय. कोशात ‘अंशशोधन’ सापडला. चालेल?

सदानंद: तोच बरोबर. फोन सपाट टेबलावर ठेवला तरी अ‍ॅक्सेलेरोमीटर x वर शून्याऐवजी 0.1 वगैरे दाखवतो. ती चूक शोधून काढायची, ते अंशशोधन.

नीरजा: सदानंदजी, पण खेळणारा फोन टेबलावर ठेवत नाही. हातात तो साधारण 30 अंश कललेला असतो, म्हणजे y वर गुरुत्वाकर्षणाच्या 9.8 पैकी 4.9 येतात, आणि ते बरोबरच असतात. तो फक्त सांगतोय की ‘हे माझं सपाट धरा’. म्हणून मी ‘शून्य बसवा’ लिहीन. बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या नोंदींची सरासरी घ्या. तेवढ्यात हात हलला तर पुन्हा दाबायला सांगा.

सदानंद: तराजूचा पासंग काढतात तसं! मग 4.9 वजा केले की झालं.

नीरजा: पासंग छान शब्द आहे, पण नुसत्या वजाबाकीने फसाल. 30 वरून 50 अंशांवर गेलात तर फरक 2.6 येतो, 10 वर उतरलात तर 3.2. कल दोन्हीकडे 20 अंशच, तरी गोटी एका बाजूला जास्त जोरात पळते. कारण सेन्सर कोन मोजत नाही, त्याची ज्या, म्हणजे साइन, मोजतो. आधी `atan2(y, z)` ने कोन काढा आणि मग कोनातून कोन वजा करा.

इरफान: माझी गोटी फोन टेबलावर असतानाही थरथरते. दहा वेळा शून्य बसवलं, फरक नाही.

नीरजा: पडणारही नाही. शून्य बसवल्याने कायमचा कल जातो, थरथर नाही. तिच्यासाठी नवी नोंद `r`, थरथर काढलेला कल `s` आणि नव्या नोंदीला द्यायचं वजन `a` धरून प्रत्येक नोंदीला हे करा:

```
s = s + a * (r - s)
```

इरफान: ते आहे. `a` 0.05 ठेवलाय. थरथर जवळपास गेली, पण वळवलेली गोटी भोकात पडल्यावर वळते!

नीरजा: सेकंदाला 50 नोंदी असतील तर 0.05 ने नव्या कलाचा दोन तृतीयांश भाग पोचायलाच 0.4 सेकंद लागतात. 0.2 केलंत तर 0.1 च्या आतच पोचतो. उरलेल्या थरथरीसाठी शून्याभोवतीचा अर्धा अंश दुर्लक्षित करा. मात्र त्यापलीकडच्या कोनातूनही तो अर्धा अंश वजा करा, नाहीतर गोटी एकदम झटका घेऊन सुटते.

मधुरा: बटणावर ‘शून्य बसवा’ पक्कं. आता या स्मूदिंगच्या पट्टीला ‘गुळगुळीतपणा’ लिहू का? मला तो पृष्ठभागाचा शब्द वाटतो.

सदानंद: ‘निवळण’ लिहा. गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो, तो उशीरही त्यात येतो.

इरफान: खेळणाऱ्याला ‘थरथर कमी’ पटकन कळेल. बरं, नीरजाताई, दुसऱ्या फोनवर सेकंदाला 100 नोंदी आल्या तर 0.2 च ठेवायचा?

नीरजा: नाही, उशीर निम्मा होईल आणि थरथरही जास्त झिरपेल. दोन नोंदींमधला वेळ मोजून `a` त्यावरून काढा. शब्दाचं म्हणाल तर मला ‘निवळण’ आवडला, पण पट्टी उजवीकडे सरकवली की उशीर वाढतो हे त्यातून कळेल का, याची खात्री नाही.