मदत हवी आहे: तिमाही फार मंद गेली, नोकरी घ्यावी की फ्रीलान्स चालू ठेवावं?

वेष्टणवाली

नमस्कार. मी पुण्यात पॅकेजिंग डिझाइन करते: फरसाण, मसाले, लोणची यांचे पाऊच, खोके, लेबलं. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हापासून स्वतंत्र काम. २०२५-२६ मध्ये एकूण ९ लाख २० हजारांची बिलं झाली. यंदा एप्रिल ते जून मात्र फक्त १ लाख ५ हजार. गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत २ लाख ६० हजार होती.

आता एका मसाला कंपनीत पूर्णवेळ डिझायनरची जागा मिळते आहे, ९ लाख सीटीसी. दहा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. आकडा माझ्या वर्षाच्या बिलांइतकाच आहे, म्हणून मन तिकडे झुकतं. पण हे काम मला मनापासून आवडतं, दिवाळीचा हंगामही तोंडावर आहे. घरात माझा वाटा महिन्याला ४५ हजार. बाजूला २ लाख आहेत. आईला मधुमेह आहे, तिच्या विम्याचाही विचार आहे. कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा.

सह्याद्रीपुत्र

ताई, बिनधास्त नोकरी घ्या. मी आयटीत आहे. एक तारखेला पगार पडतो त्याची सर कशालाच नाही. बाकीची कामं शनिवार-रविवारी करा.

जमाखर्च

वेष्टणवाली, ९ लाख २० हजार आणि ९ लाख यांची तुलना अशी होत नाही. ऑफर लेटरमधली फोड बघा. समजा मूळ पगार निम्मा, म्हणजे साडेचार लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ५४ हजार आणि ग्रॅच्युइटी साधारण साडेएकवीस हजार हे सीटीसीतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटी तर सहसा पाच वर्षं राहिल्याशिवाय हातात येत नाही. १० टक्के व्हेरिएबल असेल तर आणखी ९० हजार बाजूला काढा. तुमच्या वाट्याचा पीएफ आणि अडीच हजार व्यवसाय कर कापून महिन्याला ५६ हजारांच्या आसपास हातात येतील. तुमचा पीएफ आणि कंपनीचा पीएफ तुमच्याच नावावर साठतो, हे खरं. पण वाणसामान त्यातून येत नाही.

आता तुमची बाजू. सॉफ्टवेअर, फॉन्टचे परवाने, नमुन्यांची छपाई, विमा असा वर्षाचा खर्च किती? आणि मुख्य प्रश्न: गेल्या वर्षीच्या त्या २ लाख ६० हजारांत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण होतं?

वेष्टणवाली

खर्च १ लाख ३० हजारांच्या आसपास. मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक जाहिरात एजन्सी. त्या तिमाहीत १ लाख ५० हजार त्यांचे होते, पूर्ण वर्षात ५ लाख १० हजार. मार्चपासून त्यांनी स्वतःचा डिझायनर नेमला, तेव्हापासून काम बंद. त्यांच्याकडे माझे ८० हजार अजून अडकलेत. फोन केला की "पुढच्या आठवड्यात" म्हणतात.

जमाखर्च

मग तुमची तिमाही मंद गेली असं मला वाटत नाही. एजन्सी वगळा: गेल्या वर्षी १ लाख १० हजार, यंदा १ लाख ५ हजार. बाकीचं काम होतं तिथेच आहे. बाजार थंड झालेला नाही, एक गिऱ्हाईक गेलं आहे. मंदी असती तर वाट बघता आली असती. गेलेलं गिऱ्हाईक वाट बघून परत येत नाही.

त्यामुळे वर्षाचा आकडा एजन्सीशिवाय मांडा. ४ लाख १० हजारांतून खर्च वजा केला की २ लाख ८० हजार उरतात, म्हणजे महिन्याला साधारण २३ हजार. तुमच्या ४५ हजारांत २२ हजार कमी पडतात. २ लाखांची पुंजी नऊ महिने पुरेल. एवढाच अवधी तुमच्याकडे आहे, आणि एवढ्यात एजन्सीएवढं काम दोन-तीन ठिकाणांहून उभं राहील का, एवढंच बघायचं आहे.

एक विचारतो. एजन्सी दहा टक्के टीडीएस कापत होती ना? मग ५१ हजार सरकारजमा झाले असतील. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, म्हणजे विवरणपत्र भरलं की ते परत मिळायला हवेत. २६एएस काढून एजन्सीने ते खरंच भरलेत का ते आधी बघा. दोन महिने त्यात निघतात.

लघुउद्योजक

८० हजारांसाठी आजच उद्यम नोंदणी करा, फुकट आहे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरळ तक्रार ठोका.

जमाखर्च

कायदा बरोबर सांगितलात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. पण काम देऊन झाल्यावर केलेल्या नोंदणीचा फायदा जुन्या बिलांना मिळेल असं धरून चालू नका. नोंदणी जरूर करा, पुढच्या बिलांसाठी. या ८० हजारांसाठी आधी ईमेलवर येणेबाकीची लेखी कबुली घ्या, मग वकिलाची नोटीस. हिशेबात मात्र ते पैसे आलेच नाहीत असं समजा.

शिंपलीतला_मोती

माझे मिस्टर गेली सहा वर्षं वायरिंगची कंत्राटं घेतात. त्यांचंही असंच, पावसाळ्यात हात रिकामे. आम्ही मे महिन्यातच किराणा भरून ठेवतो. नोकरी धरा म्हटलं की ऐकत नाहीत. तुमच्या आईंचा विमा मात्र सोडू नका हो. सासूबाईंचा बंद केला होता, नवीन काढताना साखरेसाठी पुन्हा प्रतीक्षा काळ लावला.

खिळेजुळारी

मी छपाईतला आहे, लवचीक पाऊचचं काम करतो. दिवाळीवर किती भिस्त ठेवायची ते सांगतो. ग्रॅव्ह्युअरला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो. तो कोरणं, प्रूफ, छपाई, लॅमिनेशन, क्युरिंग, पाऊच बनवणं, यात आठवडे जातात. म्हणून मोठे फरसाणवाले डिझाइन जुलैअखेर पक्कं करतात. ऑगस्टमध्ये येतात ते डिजिटल छपाईवाले, छोट्या संख्येचे. ते डिझाइनला फार पैसे देत नाहीत. तुमच्या हातात आज जेवढ्या पक्क्या ऑर्डरी आहेत, तोच तुमचा हंगाम.

आणखी एक. एजन्सीच्या मधे राहण्यापेक्षा थेट आमच्यासारख्या छापखान्यांशी बोला. निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे मोबाइलवरचा फोटो घेऊन येतात. शाकाहारी खूण, एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन नीट बसवलेली आणि रंग वेगळे काढलेली फाइल देणारा माणूस आम्हाला हवाच असतो. चूक सिलिंडरवर गेली की तो पुन्हा कोरावा लागतो.

वेष्टणवाली

सगळ्यांचे आभार. २६एएस काढलं, एजन्सीने ४२ हजारच भरलेले दिसतात. शेवटच्या तिमाहीची नोंद नाही. त्यांना लिहिलं आहे. पक्क्या ऑर्डरी तीन, मिळून ७० हजार. सह्याद्रीपुत्र, ऑफर लेटरमध्ये "अन्य कोणताही व्यवसाय करता येणार नाही" असं कलम आहे, त्यामुळे शनिवार-रविवारचा मार्ग बंद दिसतो. नोटीस ९० दिवसांची.

जमाखर्च

त्या कलमावर बोला. मसाल्यांचं सोडून बाकीच्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं परिशिष्टात लिहून परवानगी मागा, ईमेलवर. तोंडी "चालतं हो" म्हणाले तर त्यावर विसंबू नका. रुजू होण्याची तारीख दिवाळीनंतरची मिळते का तेही विचारा. मिळाली तर हातातल्या तीन ऑर्डरी पुऱ्या होतील आणि छापखान्यांकडून काय येतं तेही कळेल. नाही मिळाली, तर तुमच्या आकड्यांवरून मी नोकरीकडे झुकलो असतो.

खिळेजुळारी

मला नाही पटत. नऊ महिने कमी नाहीत, आणि एकदा सोडलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. मला व्यनि करा, एक-दोन फाइली बघू.

वेष्टणवाली

व्यनि केला आहे. सोमवारी एचआरशी बोलणं आहे. आईचं नाव गटविम्यात बसतं का, आणि पहिल्या दिवसापासून मधुमेह धरतात का, हे विचारणार आहे. अजून काही लिहून घ्यायला हवं असेल तर रविवारपर्यंत सांगा.